गझलगायनाची साथ (कीबोर्ड व गिटार)

गझलगायनाची साथ म्हणजे गायक गझल गात असताना त्याच्या सुराला, लयीला आणि शब्दांना अनुसरून केलेले वाद्यवादन होय. पूर्वी हे काम प्रामुख्याने हार्मोनियम, सारंगी आणि तबला या वाद्यांकडे होते. आज लहान गावांतील कार्यक्रमांत हार्मोनियमच्या शेजारी किंवा तिच्या जागी कीबोर्ड आणि गिटार दिसतात. ही दोन्ही वाद्ये एका वेळी अनेक सूर वाजवू शकतात. त्यामुळे त्यांच्यावर सतत काहीतरी वाजवत राहणे सोपे असते, आणि गझलेच्या साथीतील बहुतेक दोष या सोपेपणातूनच निर्माण होतात.

प्रस्तुत लेखात मराठी गझलेच्या मैफलीतील कीबोर्ड व गिटार यांच्या साथीचा विचार केला आहे. गायकाच्या लयीमागे जाणे, शब्दांसाठी जागा मोकळी ठेवणे आणि चूक झाल्यावर सावरणे या तीन बाबींवर त्यात भर आहे.

## पार्श्वभूमी

मराठी गझलेचे अमरावती जिल्ह्याशी जवळचे नाते आहे. मराठी गझल रुजवणारे कवी सुरेश भट (१९३२–२००३) यांचा जन्म अमरावतीचा. नवोदितांना गझलेचे तंत्र समजावे म्हणून त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. मराठी गझलगायक म्हणून प्रसिद्ध असलेले भीमराव पांचाळे हे याच जिल्ह्यातील आष्टगावचे. वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे सातपुड्याच्या पायथ्याचे, संत्र्याच्या बागांसाठी परिचित असलेले गावही याच परिसरात येते. अशा गावांत गणेशोत्सवात किंवा घरगुती बैठकीत गझल ऐकवली जाते तेव्हा मंचावर मोठा वाद्यवृंद नसतो. गायक, तबलजी आणि एक किंवा दोन साथीदार एवढाच संच असतो. कीबोर्डवादकाकडे त्यामुळे एकाच वेळी हार्मोनियम, सारंगी आणि तानपुरा यांची कामे येतात.

हार्मोनियमच्या साथीविषयीचा वाद जुना आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये या वाद्यावर बंदी घातली होती आणि ती सैल होण्यास १९७१ उजाडले. पेटीला दोन सुरांमधली मींड घेता येत नाही आणि तिचे सूर ठरावीक जागी बांधलेले असतात, हे दोन मुख्य आक्षेप होते. दुसरा आक्षेप कीबोर्ड आणि पडद्यांची गिटार यांनाही तसाच लागू पडतो. गिटारला गझलेच्या साथीत व्यापक मान्यता मिळाली ती १९७० च्या दशकात, जगजीत सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे.

## पट्टी जुळवणे

साथीची सुरुवात गायकाचा षड्ज, म्हणजेच पट्टी, निश्चित करण्यापासून होते. महाराष्ट्रात पट्टी पेटीच्या पट्ट्यांवरून सांगितली जाते. पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्य संगीतातील सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प आणि काळी चार म्हणजे जी शार्प. गायकाने 'काळी एक' असे सांगितल्यास कीबोर्डवादक ट्रान्स्पोजचे बटण +1 वर ठेवून पांढरी एकपासून वाजवू शकतो. गिटारवादक पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सी मेजरचा ओळखीचा आकार धरतो, किंवा चौथ्या पडद्यावर कॅपो लावून ए मेजरचा आकार वापरतो. दुसऱ्या रचनेत गिटारचा सूर किंचित उंच व पातळ येतो. पुरुष गायकाच्या आवाजाखाली गर्दी होऊ नये म्हणून अनेकदा हीच रचना अधिक उपयोगी पडते.

पट्टीचे नाव सारखे असले म्हणजे सूर जुळला असे होत नाही. जुन्या हार्मोनियमचे सूर कीबोर्डच्या प्रमाण सुरापेक्षा थोडे वर किंवा खाली असू शकतात. तबला जर त्या हार्मोनियमला मिळवला असेल, तर कीबोर्ड बारीक बेसूर ऐकू येतो. दोन सूर एकत्र धरले असता त्यांच्यात हळू लाटा उठत असतील तर अंतर लहान आहे असे समजावे. हे अंतर कीबोर्डच्या ट्यूनिंगच्या पर्यायातून काढता येते. पेटीचे सूर मंचावर हलवता येत नाहीत, म्हणून जुळवून घ्यायचे ते कीबोर्ड आणि गिटार यांनीच. ध्वनिवर्धकाविषयी एक खबरदारी आवश्यक आहे. बिनतारी, म्हणजे ब्लूटूथच्या ध्वनिवर्धकातून कीबोर्ड वाजवल्यास आवाज जाणवण्याइतका उशिरा बाहेर पडतो आणि वादक कितीही सावध असला तरी तो मागेच राहतो. कीबोर्डला तारेचीच जोडणी हवी.

## लयीमागे जाणे

गझलगायनात लयीच्या दोन अवस्था असतात आणि साथीदाराने प्रत्येक अवस्थेत वेगळ्या माणसाकडे लक्ष द्यायचे असते.

पहिली अवस्था मोकळी असते. शेराची पहिली ओळ गायक पुष्कळदा तालाशिवाय, आलापाच्या अंगाने म्हणतो. तबला थांबलेला असतो किंवा अगदी हलका ठेका धरून असतो. या वेळी लय गायकाच्या श्वासात असते. गायक श्वास घेताना खांदे किंवा मान किंचित वर जाते, हात उचलला जातो आणि त्यानंतर शब्द येतो. कीबोर्डवादकाने शब्दाच्या आधी सूर दाबायचा नसतो. शब्दाचे पहिले व्यंजन ऐकू आल्यावर आणि स्वर स्थिर झाल्यावर मागून आधार द्यायचा असतो. हार्मोनियमच्या परंपरेतही साथीदार गायकाच्या सावलीसारखा, क्षणभर मागे असतो. पुढची ओळ पाठ आहे म्हणून गायकाच्या आधीच तिचा सूर लावणारा साथीदार गायकाची दुसऱ्या मार्गाने जाण्याची मोकळीक काढून घेतो.

दुसरी अवस्था तालबद्ध असते. गझलेत केरवा (आठ मात्रा), दादरा (सहा मात्रा) आणि रूपक (सात मात्रा) हे ताल विशेष आढळतात. येथे लय तबल्याकडे असते आणि कीबोर्ड व गिटार यांनी तबल्याला धरून राहायचे असते. नवख्या साथीदाराची गल्लत नेमकी याच ठिकाणी होते, कारण 'गायकाच्या मागे जा' हा उपदेश तो तालबद्ध भागातही शब्दशः घेतो. अनुभवी गझलगायक तबल्याची मात्रा स्थिर असताना शब्द मुद्दाम रेंगाळत म्हणतो, एखादा शब्द उशिरा टाकतो आणि पुढचे दोन शब्द जवळ घेऊन समेवर वेळेत पोहोचतो. साथीदार प्रत्येक उशिरा आलेल्या शब्दासाठी थांबू लागला तर गिटार मागे पडते, तबलजी गिटारकडे ओढला जातो आणि दोन आवर्तनांत सगळी लय ढिली होते. मग गायकाला रेंगाळायला आधारच उरत नाही.

गायक लयीशी खेळतो आहे की लय खरोखर बदलतो आहे, हे ओळखण्याची खूण समेवर मिळते. मधले शब्द कितीही पुढेमागे झाले, तरी वजनाचा शब्द तबल्याच्या समेवर येत असेल तर लय बदललेली नाही. साथीदाराने आपल्या जागी राहावे. वजनाचा शब्दच सलग दोन आवर्तने समेनंतर पडत असेल, तर गायकाला लय कमी हवी आहे. तो समेच्या आधी येऊ लागला तर लय वाढवायची आहे. हा बदलही आधी तबलजीने करायचा आणि इतरांनी त्याच्यामागे जायचे. गायकाने हाताने किंवा नजरेने स्पष्ट खूण केली असेल तर दोन आवर्तने वाट पाहण्याचे अर्थातच कारण नाही.

शेर संपताना तबलजी पुष्कळदा लग्गी वाजवतो. लग्गीत बोल दुप्पट गतीने येतात, पण मूळ मात्रा तीच असते. कीबोर्डवादकाने त्या गतीच्या भरात कॉर्डही दुप्पट वेगाने बदलू नयेत. आवर्तनाला एक कॉर्ड पुरेशी होते. लग्गीनंतर मुखडा परत येतो तेव्हा लय थोडी वाढलेली असणे स्वाभाविक मानले जाते. ती जबरदस्तीने पूर्वीच्या गतीवर आणू नये.

कीबोर्डमध्ये भरलेले तयार ताल अशा साथीस योग्य नसतात. यंत्र गायकाचे ऐकत नाही. तबलजी उपस्थित नसल्यास तयार तालापेक्षा गिटारच्या जाड तारेवर समेचा ठोका आणि मधल्या मात्रांवर हलका झणत्कार एवढ्यावर गझल अधिक चांगली चालते.

## जागा मोकळी ठेवणे

मराठी संगीतात 'जागा' हा शब्द दोन अर्थांनी येतो. गायक 'जागा घेतो' म्हणजे एखादी सुरेख हरकत घेतो. साथीदार 'जागा भरतो' म्हणजे दोन ओळींमधल्या अवकाशात वाजवतो. गायकाची जागा सुरू असताना साथीदाराने आपली जागा भरू नये, असा साधा संकेत आहे. गझलेत मात्र या संकेताला रचनेचे कारणही आहे.

गझलेचा प्रत्येक शेर दोन ओळींचा असतो. पहिली ओळ विषय मांडते आणि दुसरी ओळ त्याला अनपेक्षित वळण देते. दुसऱ्या ओळीच्या शेवटी यमक (काफिया) आणि त्यानंतर दर शेरात तेच राहणारे अन्त्ययमक (रदीफ) येते. रदीफ श्रोत्यांना ठाऊक असते. काफिया ठाऊक नसतो आणि शेराची सारी उत्सुकता त्याच एका शब्दावर टांगलेली असते. म्हणून गायक पहिली ओळ दोन-तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणतो आणि दुसरी ओळ लांबवतो.

साथीची मांडणी या रचनेवर बेतलेली असते. पहिली ओळ प्रथम येते तेव्हा श्रोत्यांना शब्द कळायचे असतात, त्यामुळे वाद्ये अगदी विरळ असतात. ओळ पुन्हा येण्याआधीच्या अवकाशात कीबोर्ड किंवा गिटार यांपैकी एकानेच उत्तर द्यावे. कोणी द्यायचे हे आधी ठरवलेले असावे. ओळीच्या शेवटच्या सुरावलीचा एखादा तुकडा उचलून तो षड्जावर किंवा पंचमावर सोडणे पुरेसे असते. हे उत्तर गायकाच्या पुढच्या श्वासाआधी संपले पाहिजे. वादकाने घेतलेला तुकडा गायकाच्या पहिल्या शब्दावर चढला तर तो तुकडा लांब होता असे समजावे. दुसरी ओळ सुरू झाल्यावर गिटारचा झणत्कार थांबतो. काफियाच्या शब्दावर कीबोर्डनेही नवा सूर लावू नये, आधीचा सूर विरत जाऊ द्यावा. त्यानंतर रदीफवर तबला, कीबोर्ड आणि गिटार एकत्र समेवर येतात. श्रोत्यांची दाद याच क्षणी येते आणि दाद चालू असताना ठेका धरून थांबणे हे वाद्यांचे काम असते. गायक पुष्कळदा दाद ऐकून तीच ओळ परत घेतो. साथीदार ठरलेल्या वेळी पुढच्या शेराकडे निघून गेला तर गायकाला त्याच्यामागे जावे लागते, म्हणजे साथ उलटी होते.

जागा केवळ वेळेतच नव्हे, तर सुरांच्या उंचीतही मोकळी ठेवावी लागते. गायक मध्य सप्तकात असताना कीबोर्डचा उजवा हात त्याच सप्तकात कॉर्ड धरून राहिला तर शब्द अस्पष्ट होतात. कॉर्ड एक सप्तक वर हलक्या आवाजात घ्यावी किंवा दोनच सूर वाजवावेत. डाव्या हाताचे खर्जातील सूर बायाँशी आणि गिटारच्या जाड तारांशी भांडतात. गिटार असताना कीबोर्डचा डावा हात बहुतांशी रिकामा ठेवणे इष्ट. सस्टेनचे पेडल कॉर्ड बदलताना सोडलेच पाहिजे, कारण पत्र्याच्या छताच्या सभागृहात घुमणारा आवाज आधीच पुष्कळ असतो.

कोणते सूर टाळायचे हे रागावर अवलंबून असते. यमनच्या अंगाने जाणाऱ्या चालीत मध्यम तीव्र असतो. तेथे सवयीने शुद्ध मध्यमाची कॉर्ड, म्हणजे म-ध-सा, लावली की गायकाच्या तीव्र मध्यमाशी तिची टक्कर होते. त्याऐवजी प-नी-रे किंवा रे-म-ध (मध्यम तीव्र) घेता येते. गंधाराचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. कीबोर्डचा शुद्ध गंधार गायकाच्या नैसर्गिक गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या भागाने चढा असतो. गायक गंधारावर लांब थांबला असताना सा-ग-प ही पूर्ण कॉर्ड खरखरीत वाटते ती यामुळे. अशा वेळी ग वगळून केवळ सा-प धरल्यास गायकाचा गंधार मोकळा राहतो. चाल अपरिचित असतानाही सा-प ही सर्वांत सुरक्षित जोडी आहे, कारण ती गंधार शुद्ध की कोमल याविषयी काहीच ठरवत नाही. (चालीत पंचम वर्ज्य असेल तर केवळ षड्ज धरावा.)

## चुका आणि सावरणे

साथीतील चुकांचे दोन प्रकार करता येतात. काही सुराच्या असतात आणि काही जागेच्या. सुराची चूक क्षणिक असते. चुकीचा सूर लागल्यास योग्य सूर बहुधा लगतच्याच पट्टीवर असतो. बोट झटकन उचलण्यापेक्षा त्याच गतीत शेजारच्या सुरावर सरकल्यास तो स्पर्शस्वरासारखा वाटतो. गिटारवर तार किंचित ओढूनही हे साधते. चुकलेला तुकडा दुरुस्त करून पुन्हा वाजवणे मात्र टाळावे, कारण दुरुस्तीला लागणारा वेळ गायकाच्या वाट्याचा असतो. चूक झाल्यावर चेहऱ्यावर येणारा भाव श्रोत्यांना सुरापेक्षा लवकर कळतो, हेही येथे नोंदवावे लागेल.

जागेची चूक अधिक गंभीर असते, कारण ती आपोआप संपत नाही. पुढील उदाहरण त्या दृष्टीने पाहता येईल. गझल केरव्यात आहे, पट्टी काळी एक आहे आणि गती मिनिटाला ७२ मात्रा आहे. म्हणजे आठ मात्रांचे एक आवर्तन सुमारे पावणेसात सेकंदांचे होते. मुखडा पाचव्या मात्रेपासून उचलला जातो आणि चार मात्रांनंतर त्याचा वजनाचा शब्द समेवर येतो. तिसऱ्या शेरानंतर वाद्यांचा तुकडा चालू असताना गायक भान हरपून मुखडा पाचव्या मात्रेऐवजी पहिल्या मात्रेलाच उचलतो. आता त्याचा वजनाचा शब्द तबल्याच्या पाचव्या मात्रेवर पडणार आहे.

ही गडबड कानाला कशी कळते? केरव्याचा ठेका 'धा गे ना ती, ना के धी ना' असा असतो. समेच्या 'धा'मध्ये बायाँचा घुमारा असतो. पाचव्या मात्रेचा 'ना' कोरडा असतो. वजनाच्या शब्दाखाली घुमाऱ्याऐवजी कोरडा आवाज आला की गायक आणि तबला अर्ध्या आवर्तनाने वेगळे झाले आहेत हे निश्चित होते. अशा वेळी गायकाला थांबवता येत नाही. सरकायचे ते वाद्यांनी.

तबलजीला हे वेळेत कळल्यास तो पाचव्या मात्रेच्या जागी सरळ 'धा' घेतो. उशिरा कळल्यास तो खालीचा अर्धा भाग, म्हणजे पाचवी ते आठवी मात्रा, दोनदा वाजवतो आणि त्यानंतरची सम गायकाच्या समेशी जुळते. दुसऱ्या पद्धतीत गायक आणि तबला वेगळे असण्याचा काळ आठ मात्रांचा, म्हणजे पुन्हा पावणेसात सेकंदांचा असतो. या काळात कीबोर्डवादकाने कोणाचीही बाजू घेऊ नये. तो तबल्याच्या जुन्या समेवर कॉर्ड बदलू लागला तर गायक आणखी गोंधळतो. तो एकटाच गायकाकडे गेला तर तबलजीला नवी सम शोधणे अवघड होते. चालू तुकडा सोडून देऊन सा-प धरून राहणे हाच मार्ग उरतो, कारण धरलेल्या सुरात मात्रा दिसत नाही. गिटारचा झणत्कार मात्रा दाखवतो, म्हणून गिटारवादकाने तळव्याने तारा दाबून थांबावे. बायाँचा घुमारा आणि गायकाचा वजनाचा शब्द पुन्हा एकत्र आले की दोघांनी त्या समेवर परत यावे. श्रोत्यांना यातले बहुधा एवढेच जाणवते की मुखड्याला वाद्ये क्षणभर बारीक झाली.

गायक शब्द विसरला तर साथीदाराचे काम उलट असते. तेव्हा जागा मोकळी ठेवून चालत नाही. आधीच्या ओळीची सुरावट कीबोर्डवर वाजवून एक आवर्तन भरावे, आणि तरीही गायक आला नाही तर मुखड्याची सुरावट घ्यावी. मुखडा क्वचितच विसरला जातो. पुढचा शेर सुचवण्यासाठी त्याची चाल वाजवणे धोक्याचे ठरते, कारण गझलेत सर्व शेरांची चाल सारखी असू शकते आणि त्यातून कोणताच शब्द आठवत नाही.

गायकाचा सूर हळूहळू उतरू लागल्यास कीबोर्ड त्याच्याबरोबर उतरू शकत नाही. अशा वेळी चालीचे सूर वाजवणे बंद करून केवळ षड्ज स्पष्ट ठेवावा. उतरलेल्या सुराशेजारी योग्य सूर सतत वाजवत राहिल्याने गायक सावरण्याऐवजी दोष अधिक उघडा पडतो.

ट्रान्स्पोजची चूक ही कीबोर्डची खास चूक होय. मागच्या गाण्यासाठी ठेवलेले +3 तसेच राहिले आणि आता काळी एक हवी असेल, तर वादक पांढरी एकपासून सुरुवात करताच सूर काळी दोनचा येतो. सुरुवातीच्या आलापाआधी हलकेच षड्ज दाबून तो तबल्याशी ताडून पाहिल्यास हे टळते. गाणे सुरू झाल्यावर लक्षात आल्यास दाबलेले सूर सोडून, लग्गीच्या वेळी बटण बदलावे. ज्याचा हात सर्व पट्ट्यांवर फिरलेला आहे तो बटणाला न शिवता काळी पाच हा षड्ज धरून वाजवतो, कारण +3 असताना काळी पाचमधून काळी एकचाच सूर निघतो.

वीज गेली तर कीबोर्ड पूर्ण थांबतो, पण तबला, गिटार आणि गायक थांबत नाहीत. त्या वेळी गिटारवादकाने कॅपोच्या जागी उघड्या आवाजात आधार सांभाळायचा असतो. मंचावर पेटी ठेवण्याची जुनी पद्धत या कारणासाठी अजूनही सोयीची आहे. वीज परत आल्यावर अनेक कीबोर्ड ट्रान्स्पोज शून्यावर घेऊन सुरू होतात. म्हणून समेवर परतण्याआधी ते पुन्हा लावून घ्यावे लागते.

## खंजिरी भजनाशी तुलना

याच जिल्ह्यातील खंजिरी भजनाला वरील नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) स्वतः खंजिरी वाजवत भजने गात. गुरुकुंज मोझरीहून पसरलेल्या त्यांच्या भजनपरंपरेत लय गायकाच्या हातातील वाद्यातच असते. त्यामुळे गायक लय बदलतो आहे की तिच्याशी खेळतो आहे, हा प्रश्न तेथे जवळपास उद्भवत नाही. साथीदार खंजिरीचा हात पाहतो आणि त्याच्याबरोबर चढतो. ओळ संपताच मागचे सहकारी ती उचलतात, म्हणून भरण्यासारखा अवकाशही थोडाच उरतो. गझलेच्या साथीतून भजनाकडे आलेला कीबोर्डवादक सुरुवातीला ओळींमध्ये तुकडे घालू पाहतो आणि ते समूहाच्या आवाजात बुडून जातात. भजनात त्याने समूहाची ओळ सोबत वाजवावी आणि मुख्य गायक पुढचे कडवे घेतो त्या ठिकाणी आवाज उतरवावा.